वेणी पंधरा इंच भरली, तरी बारा इंच केस देता येतील का?

*मी सातारा जिल्ह्यात राहते, वय ३६. केस कमरेपर्यंत आहेत. मावशीला केमो सुरू झाल्यापासून ठरवलंय की केस द्यायचे, जमलं तर तिच्याच विगसाठी. संस्थेला १२ इंच लागतात. माझी वेणी मानेपासून टोकापर्यंत १५ इंच भरली. पार्लरवाली ताई म्हणते, वेणीवरून कात्री फिरवू, केस खांद्यापर्यंत राहतील, दहा मिनिटांचं काम. दोन वर्षांपूर्वी लेअर कट केला होता, पण तो आता वाढलाय. महिन्याला मेंदी लावते. जमवलेलं गुंतवळही पिशवीभर आहे, ते सोबत पाठवू का? सासूबाईंना हे सगळंच पसंत नाही. कापू की थांबू?*

आधी मावशींचं बोलू या, कारण त्यात घाई आहे. केमोचं पहिलं औषध गेल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. विग तयार होऊन हातात पडायला मात्र महिने लागतात, आणि एका विगला एकट्या बाईचे केस पुरतही नाहीत. अनेक जणींचे केस एकत्र करून, विंचरून, लांबीप्रमाणे वेगळे करून त्यातून एक विग होतो. तुमची वेणी मावशींच्या डोक्यावर जाणार नाही, आणखी कुणाच्या तरी जाईल. हे कळल्यावरही द्यावीशी वाटली तर जरूर द्या. मावशींना विग हवाच असेल तर तो आत्ता तयार असलेला घ्यावा लागेल. त्यासाठी त्यांचे उपचार चालू आहेत तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत असा विभाग असतो आणि मोफत विग कुठे मिळतील हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं. मात्र त्याआधी मावशींनाच विचारा. उन्हाळ्यात विग डोक्याला टोचतो म्हणून सुती स्कार्फवरच राहणाऱ्या बायका कमी नाहीत.

आता वेणीकडे वळते. पत्रातली तुमची तीन मापं मला पटत नाहीत: वेणीचे पंधरा इंच, ‘खांद्यापर्यंत राहतील’ हे आश्वासन, आणि ‘लेअर आता वाढलाय’ हा अंदाज.

वेणीत पेड एकमेकांवरून वळत जातात, म्हणून वेणीची लांबी केसांच्या लांबीपेक्षा कमी भरते. पंधरा इंची वेणी सोडली की त्यातले सर्वांत लांब केस सतरा इंचांच्या आसपास निघतील. म्हणजे माप तुमच्या बाजूने चुकतंय असं वाटेल. पण वेणीचं टोक हे फक्त सर्वांत लांब केसांचं टोक असतं. बाकीचे केस कुठे संपले, ते वेणी सांगत नाही. तिला नीट बघितलंत तर थोडंफार कळेल. घट्ट वेणी घाला, आरशाकडे पाठ करा आणि हातात दुसरा आरसा धरा. वेणीच्या कडेने बारीक टोकं बाहेर डोकावताना दिसतील. ती जिथून दिसायला लागतात तिथे तुमचा लेअर संपतो. दोन वर्षांत केस साधारण बारा इंच वाढतात, कारण महिन्याला अर्धा इंच हा सर्वसाधारण वेग आहे. पण लेअरमधले केस वाढले तसे खालचेही वाढले. दोघांमधला फरक तेवढाच राहतो, तो आपोआप बुजत नाही.

खांद्याचा प्रश्न याहून मोठा आहे. वेणी मानेशी रबर लावून घट्ट बांधली जाते आणि रबराच्या वरून कापली जाते. कानामागून मानेपर्यंत जिथे केस उगवतात, ती जागा रबरापासून जेमतेम इंचभर. म्हणजे कात्री फिरल्यावर मागचे केस इंचभरच उरणार. टाळूवरचे केस मानेपर्यंत येतील, आणि पुढचे केस, जे ओढून मागे नेले होते, ते सोडल्यावर हनुवटीच्या थोडे खाली लोंबतील. पुढे लांब आणि मागे आखूड असा आकार होतो. तो कुणाला आवडेल, कुणाला नाही, पण खांद्यापर्यंतचे केस तो नक्कीच नव्हे. मागे केसच नसताना कुठलीही ताई ते खांद्यापर्यंत आणू शकणार नाही. ती फक्त पुढचे कापून मागच्यांशी जुळवेल. एका वेणीवर कात्री चालवून घेतलेल्या बायका नंतर ‘आकार द्या’ म्हणून माझ्याकडे येतात, तेव्हा मला हेच करावं लागतं. त्यात आणखी चार बोटं जातात, आणि ते केस झाडून कचऱ्यात जातात.

म्हणून केस देण्यासाठी कापताना एकच वेणी न घालता बऱ्याच छोट्या पोनी बांधतात. हे दिसायला उगाच वाढवलेलं काम वाटतं, पण माप याच पद्धतीने खरं निघतं.

केस मोकळे सोडले की ते पडद्यासारखे खाली लोंबतात. तो पडदा कुठल्या आडव्या रेघेवर कापायचा, ते आधी ठरवायचं. त्या रेघेच्या खाली जेवढा केस लोंबतो तेवढा देता येतो, मग तो टाळूवरून आलेला असो की मानेजवळून. केस मुळापासून किती लांब आहे याला इथे काही महत्त्व नाही. पडद्याची खालची कड सरळ असेल तर सगळीकडून सारखीच लांबी निघते. तुमची कड सरळ नाही, म्हणून प्रत्येक भाग वेगळा मोजावा लागेल.

हे माप घरी घेता येतं. बहिणीला किंवा शेजारणीला हाताशी घ्या, कारण स्वतःच्या पाठीवर टेप धरताना मान वाकते आणि मान वाकली की माप बदलतं. केस आदल्या दिवशी धुवा, तेल लावू नका, कंडिशनर नीट निघून जाऊ द्या, आणि केस पूर्ण वाळले की मोजा. ओला केस ताणला की लांबतो, त्यामुळे न्हाऊन आल्या आल्या घेतलेलं माप नेहमी जास्तच निघतं. खुर्चीवर ताठ बसा, खांदे सैल, नजर समोर. शिवणाची टेप घ्या. शिवणाच्या खडूने किंवा चिकटपट्टीने ब्लाऊजवर खांद्याच्या पातळीला एक खूण करा. हनुवटीची पातळी लक्षात ठेवली तरी चालते.

मग टेप खुणेपासून खाली सोडा. शेवटाचं माप घेताना सर्वांत लांब टोक धरू नका. त्या भागातले केस मुठीत घ्या आणि मूठ वरून खाली सरकवा. एका ठिकाणी मुठीतली जाडी एकदम कमी झाल्याचं जाणवेल. केसांचं माप तिथपर्यंत. त्याखाली उरणारी उंदराच्या शेपटीएवढी बट मोजायचीच नाही. विग करणारे केस पोलादी दात्यांच्या फणीवरून ओढतात आणि आखूड केस तिथेच वेगळे होतात, त्यामुळे ती विरळ बट कुणाच्या कामाची नसते.

तुमच्या वर्णनावरून मी असं समजून चालते की खांद्याच्या रेघेपासून पाठीमागचे केस १४ इंच भरतील, कानांवरचे ११, आणि पुढे कपाळाजवळच्या लेअरचे ५. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण हिशोब असाच करायचा.

त्यातून दोन वजाबाक्या करायच्या. ताईला शेवटी आकार द्यायचा असतो, त्यासाठी ठरलेल्या रेघेच्या खाली एक इंच सोडून कापतात, नाहीतर खांद्यापर्यंतचे केस आकार देताना खांद्याच्या वर जातात. मग कात्री रबराच्या वर, रबरापासून अर्धा इंच सोडून चालवायची, म्हणजे पोनी सुटत नाही. लांबी रबराच्या खालून मोजली जाते, म्हणून तो अर्धा इंचही हिशोबात धरायचा नाही. एकूण दीड इंच गेला. मागच्या केसांचे साडेबारा इंच निघतात, म्हणजे जेमतेम जमतात. कानांवरच्यांचे साडेनऊ. ते बसत नाहीत. पुढच्यांचा प्रश्नच नाही.

म्हणजे आज खांद्यापर्यंत कापलंत तर फक्त मागचे केस बाराच्या अटीत बसतील, तेही काठावर. कानांवरचे साडेनऊ इंच कापले जातील आणि वाया जातील. आणि काठावरचं माप मला नको वाटतं. पोनी बांधताना थोडी वाकडी झाली, रबर थोडा खाली सरकला, तर साडेबाराचे साडेअकरा व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा मार्ग, रेघ वर न्यायची. हनुवटी खांद्यापासून तीन-एक इंच वर असते. तिथे कापलं तर मागचे साडेपंधरा, कानांवरचे साडेबारा आणि पुढचे साडेसहा इंच निघतील. डोक्यावरचे जवळजवळ सगळे केस कामी येतात आणि पुढचा लेअर तुमच्या चेहऱ्याभोवती तसाच राहतो. हनुवटीपर्यंतच्या बॉबला शोभतोही. पण तुम्हाला हनुवटीपर्यंत केस चालणार आहेत का, हे मी ठरवू शकत नाही. कमरेच्या केसांवरून एका दुपारी तिथे आल्यावर पहिला आठवडा मान उघडी पडल्यासारखी वाटते. बांधायला पुरेसे केस नसतात, आणि चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभं राहिलं की ते तोंडावर येतात. रोज केस वर बांधून काम करणाऱ्या बाईने हे आधी लक्षात घ्यावं.

तिसरा मार्ग थांबण्याचा. खांद्यावरच राहायचं असेल तर कानांवरच्या केसांना अडीच इंच कमी पडतात. महिन्याला अर्धा इंच धरला तर पाच महिने, आणि एक इंच हाताशी असावा म्हणून सात. या काळात टोकं कापायची नाहीत. दुतोंडी केस झाले असतील तर तेवढेच एकेक करून छाटा, आख्खी कड सरळ करू नका. कड सरळ केली की पुन्हा तेवढे महिने वाढतात.

मला विचाराल तर हनुवटीचा बॉब मनापासून चालत असेल तरच आत्ता कापा, नाहीतर सात महिने थांबा. केस देण्यात घाई नाही. मावशींच्या उपचारांशी तुमच्या कात्रीची तारीख बांधलेली नाही, हे वर आलंच आहे.

अटीबद्दल दोन शब्द. १२ इंच ही आपल्याकडे नेहमी दिसणारी अट आहे. मुंबईत कॅन्सर रुग्णांसाठी काम करणारा मदत ट्रस्टही एवढीच लांबी मागतो. अमेरिकेत ‘लॉक्स ऑफ लव्ह’ ही संस्था १० इंच घेते, तर ‘चिल्ड्रेन विथ हेअर लॉस’ ८ इंचही. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचक विचारतात म्हणून हे लिहिलं. लांबी एवढी का लागते, याचं कारण विग कसा होतो त्यात आहे. विगच्या जाळीत आकड्यासारख्या सुईने एकेक, दोन-दोन केसांची गाठ मारतात. केस मुळाच्या बाजूने दुमडून त्यातून ओढून घेतला जातो, त्यात काही लांबी जाते. नंतर टोकं सारखी केली जातात, त्यात आणखी. शिवाय टाळूपासून खांद्यापर्यंतचं अंतरच दहा-बारा इंच असतं. म्हणजे १२ इंची केसांचा विग घालणारीच्या हनुवटी-मानेपर्यंत पोचतो, फार तर. लांब केसांचा विग हवा असलेल्या एखाद्या मुलीसाठी याहून पुष्कळ लांब केस लागतात. म्हणून अर्धा इंच कमी पडलेली पोनी ‘चालवून घ्या’ म्हणून पाठवू नका.

गुंतवळाचा प्रश्नही इथेच सुटतो. केसावर अतिशय बारीक खवले असतात आणि ते सगळे टोकाच्या दिशेला झुकलेले असतात. एक केस दोन बोटांत धरून बोटं मुळाकडून टोकाकडे सरकवा, ती सरळ घसरतात. उलट सरकवा, केस बोटांना अडकल्यासारखा वाटतो. विगमध्ये शेजारशेजारच्या केसांची दिशा उलटसुलट झाली की खवले एकमेकांत अडकतात आणि पहिल्या धुण्यातच जटा होतात. रबराने बांधलेल्या पोनीत सगळी मुळं एका टोकाला राहतात, म्हणून तिला किंमत आहे. गुंतवळात कुठलं मूळ आणि कुठलं टोक, हे कुणाला कळत नाही. दारावर भांड्यांच्या बदल्यात केस घेणारी येते, तिला तुमची पिशवी द्या. केसांच्या धंद्यात गुंतवळही सोडवून वापरलं जातं, पण दानात पाठवू नका. जमिनीवर पडलेले, झाडून गोळा केलेले केसही त्याच कारणाने नकोत. तिरुमलाला कल्याणकट्ट्यावर उतरवलेल्या केसांचा लिलाव होतो, त्यातल्या लांब केसांना भाव मिळतो तो एकाच डोक्यावरचे केस एका दिशेला राहतात म्हणूनही. तिथले केस विकले जातात, रुग्णांना दान दिले जात नाहीत. हे लिहिण्याचं कारण, ‘मी केस दिलेत, तिरुपतीला’ असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात.

आता पोनी कशा बांधायच्या ते सांगते. पार्लरमध्ये हे ताईला दाखवा, कारण तिची सवय वेगळी आहे. कुठलाही कट करताना ती आधी केस भिजवते. इथे क्रम उलटा हवा. कोरड्या केसांच्या पोनी आधी कापायच्या, मग केस धुवायचे आणि मग आकार द्यायचा. ओल्या केसांची पोनी बांधली तर रबराखाली ओल राहते, आठवड्याभरात तिथे कुबट वास येतो आणि बुरशी धरलेली पोनी संस्थेत फेकून द्यावी लागते.

केस विंचरून गुंता पूर्ण सोडवा. मधोमध भांग, मग एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत आडवा भांग. आता चार भाग झाले. मागच्या दोन भागांचे केस दाट असतील तर प्रत्येकाचे वरचा आणि खालचा असे दोन करा. तुमच्यासारख्या कमरेएवढ्या केसांना मागे चार आणि बाजूंना दोन, अशा सहा पोनी पुरतील. पुढचा लेअर त्यांत घेऊ नका, तो क्लिप लावून कपाळावर ठेवा. आखूड केस पोनीत शिरले की तिची जाडी फसवी दिसते.

प्रत्येक पोनी मुळाशी बांधायची नाही, हे सर्वांत महत्त्वाचं. ती सरळ खाली लोंबू द्या, जिथे कापायचं त्या पातळीपर्यंत सैल, आणि रबर त्या पातळीच्या अर्धा इंच खाली लावा. डोक्यापासून रबरापर्यंतचे केस ताणलेले नसावेत, लोंबणारे असावेत. पोनी बाजूला ओढून बांधली तर सोडल्यावर तिरका काप पडतो. सहाही रबर एकाच आडव्या रेघेवर आले की नाही, ते समोरून आणि मागून बघा. त्या रेघेवरच सगळं अवलंबून आहे. रबर कापडी नको, साधा बारीक रबरबँड चांगला, तीन-चार वेढे घट्ट. पोनी लांब असेल तर मधे आणि टोकाजवळही एकेक रबर लावा. वेणी घालायची असेल तर ती रबराच्या खाली घाला, त्याने केस पाठवताना विस्कटत नाहीत. आणि आता प्रत्येक पोनी पुन्हा मोजा, रबराच्या खालच्या कडेपासून मुठीला जाडी कमी लागते तिथपर्यंत. एखादी बारापेक्षा कमी भरली तर अजून काही बिघडलेलं नाही, सगळे रबर अर्धा इंच वर न्या किंवा काम थांबवा. हा निर्णय कात्री लागण्याआधीचा, म्हणून मोजणं दुसऱ्यांदा करायचं.

कापायला केसांची धारदार कात्री हवी. शिवणाची कात्री बोथट असेल तर केस तिच्या पात्यांतून पुढे सरकतात आणि काप वाकडा जातो. जाड वेणीवर तेच होतं. दहा मिनिटांच्या ‘एका कापात’ खरं तर कात्री सात-आठ वेळा चावते, रबर ढिला होतो आणि वरचे केस गळून पडतात. बोटाएवढी जाड पोनी दोन-तीन कापांत सुटते. दुसऱ्या हाताने पोनी रबराच्या खाली घट्ट धरा, खाली ओढू नका, आणि कात्री रबराच्या वर अर्ध्या इंचावर आडवी ठेवा. रबरावरून कापायचं नाही. पोनी सुटली की ती लगेच सपाट ठेवा, सगळ्यांची रबराची बाजू एकाच दिशेला.

मेंदीबद्दल. ब्लीच केलेले केस बहुतेक संस्था घेत नाहीत, कारण ब्लीचने केस कमकुवत होतो आणि विग करताना होणाऱ्या प्रक्रियेत तुटतो. मेंदी, रंग किंवा पांढरे केस याबद्दल प्रत्येकाची अट वेगळी असते, म्हणून संस्थेला आधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या. पुढच्या सात महिन्यांत थांबायचं ठरवलंत तर मेंदी तोवर बंद ठेवलेली बरी. कापण्याच्या आधीच्या महिन्यात तर नकोच, कारण मेंदीचा भुगा पोनीत अडकून राहतो आणि कितीही धुतलं तरी विंचरताना पडत राहतो.

सारखेच प्रश्न असलेल्या दुसऱ्या वाचकांसाठी थोडं. कुरळे केस हलकेच सरळ ओढून मोजायचे, पण पोनी लोंबू द्यायची ती मोकळीच, नाहीतर उरलेले केस उडी मारून वर जातात आणि हनुवटीचा बॉब कानापाशी येतो. म्हणून कुरळ्या केसांत आकारासाठी एक इंच पुरत नाही, दोन सोडा. लहान मुलीचे केस देणार असाल तर तिचं डोकं हलतं, म्हणून चार जाड पोनींपेक्षा आठ बारीक बऱ्या, आणि दोन माणसं हवीत. पूर्वी कापून कपाटात ठेवलेली वेणी वरून बांधलेली असेल आणि कोरडी असेल, तर ती बरेचदा चालते. वरचा रबर सुटून केस मोकळे झाले असतील तर नाही.

सासूबाईंच्या नापसंतीवर माझ्याकडे मोठा उपाय नाही. त्यांना काय नको आहे ते विचारा. कापलेली वेणी घरात ठेवणं नको असेल, तर ती त्याच दिवशी कुरियरला देता येते. सुनेचे लांब केस गेलेले नको असतील, तर तो वाद वेगळा आहे आणि त्यात केस तुमचे आहेत. मापाची टेप मात्र त्यांच्याच हातात द्या. घरी मोजायला एक माणूस लागतंच, आणि हिशोब करताना बसलेल्या माणसाचा विरोध पुष्कळदा सौम्य होतो, असा माझा अनुभव आहे.

पाठवताना पोनी पूर्ण कोरड्या आहेत ना ते बघा. शंका असेल तर रात्रभर वर्तमानपत्रावर पंख्याखाली ठेवा. मग प्रत्येकीला वेगळ्या कागदात गुंडाळून एका झिपच्या पिशवीत घाला, दुमडू नका, आणि पिशवी जाड पाकिटात. सोबत चिठ्ठी ठेवा: एकूण किती पोनी, सर्वांत आखूड पोनीची लांबी, मेंदी लावलेली की नाही, शेवटची कधी लावली. संस्थेचा स्वतःचा फॉर्म असेल तर तो भरून त्यातच ठेवा, आणि कापण्याच्या आधीच त्यांच्याकडून पत्ता आणि सध्याची लांबीची अट पुन्हा एकदा विचारून घ्या.